खंड्याचं काचचित्र: शिशाच्या रेघा, तुकडे आणि गोमेदाचं डोकं

पांढऱ्या छातीच्या खंड्याचा फोटो स्टेन्ड ग्लाससारखा करायला घेतला होता. त्याच्या रेघा आता पूर्ण झाल्या, रंग भरून झाले, उजेडाचं काम अर्ध्यावर आहे. फोटो साधाच आहे: फांदीवर बाजूने बसलेला पक्षी, मागे धूसर हिरवळ. अशा कामाला तो चांगला, कारण पक्ष्याच्या अंगावर रंगांचे मोठे, स्पष्ट पट्टे आहेत: तपकिरी डोकं, पांढरा गळा, निळी पाठ, लाल चोच.

तयार फिल्टर मी वापरला नाही. तो सगळीकडे एकाच मापाचे पेशीसारखे तुकडे पाडतो, त्यामुळे डोळ्याच्या मधूनही रेघ जाते आणि रिकाम्या पार्श्वभूमीवर विनाकारण जाळं तयार होतं. खऱ्या काचचित्रात काचेचे तुकडे जोडणारी शिशाची रेघ हेच रेखाटन असतं. ती कुठून जाणार हे फोटोतल्या कडांवर जितकं ठरतं, तितकंच काच कशी कापली जाते यावरही ठरतं. म्हणून रंगाला हात लावण्याआधी सगळा वेळ रेघांना दिला.

पहिलं काम म्हणजे माप ठरवणं. चित्र २४०० × ३००० पिक्सेलचं आहे. ते ६० × ७५ सेंटिमीटरच्या खिडकीचं आहे असं मानलं, म्हणजे एका मिलिमीटरला ४ पिक्सेल. एवढं एकदा ठरलं की रेघांची जाडी अंदाजाने ठरवावी लागत नाही. शिशाच्या पट्ट्या साधारण ३ पासून १२ मिलिमीटर रुंदीच्या मिळतात. त्यानुसार पक्ष्याची बाहेरची कड ८ मिलिमीटर म्हणजे ३२ पिक्सेल, अंगातल्या रेघा ६ मिलिमीटर म्हणजे २४ पिक्सेल आणि डोळ्याभोवतीच्या रेघा ४ मिलिमीटर म्हणजे १६ पिक्सेल ठेवल्या. डोळ्याजवळच्या पातळ रेघांना आधार आहे तो तांब्याच्या पट्टीच्या पद्धतीचा. टिफनीच्या दिव्यांमध्ये काचेच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून त्यावर सोल्डरचा डाग देतात, त्यामुळे तिथे रेघ बारीक आणि तुकडे लहान ठेवता येतात.

रेघा इंकस्केपमध्ये, फोटोच्या वरच्या लेयरवर हाताने काढल्या. तीन गोष्टी सतत तपासत होतो.

पहिली, रेघ अधांतरी संपता कामा नये. काचेवर कटरने ओरखडा काढून ती मोडली जाते, आणि तो ओरखडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. म्हणून प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला टेकली पाहिजे. डोळ्याचा गोल तुकडा एकटा तरंगू शकत नाही. त्याच्यापासून निदान दोन रेघा बाहेर निघाव्या लागतात. मी एक रेघ चोचीच्या मुळाशी नेली आणि दुसरी डोक्याच्या मागे मानेकडे. पक्ष्याच्या चेहऱ्याची ठेवण तशीच असल्याने त्या जोडकामाच्या वाटत नाहीत.

दुसरी, आत खोल वळणारा आकार टाळायचा. चंद्रकोरीसारखा तुकडा कापताना काच वळणाला न जुमानता सरळ तडकते. मान आणि पाठ यांच्यामधल्या खोलगट जागेत पार्श्वभूमीचा तुकडा नेमका असाच होत होता. त्या खोलगट भागाच्या सर्वांत आतल्या बिंदूपासून चौकटीपर्यंत एक रेघ ओढली, की एका अशक्य तुकड्याचे दोन सोपे तुकडे झाले. डोळ्याला फरक लगेच जाणवतो. काचकामातलं काहीही माहीत नसलेल्या माणसालाही अशा रेघा पाहून चित्र खरं वाटतं.

तिसरी, चार रेघा एका बिंदूत फुलीसारख्या भेटू द्यायच्या नाहीत. फुलीवर डागाचा मोठा काळा गोळा होतो आणि नजर तिथेच अडकते. एक रेघ थोडी सरकवली, की दोन टी-आकाराचे सांधे मिळतात.

चोचीने मात्र बराच वेळ घेतला. ती मुळाशी ९० पिक्सेल जाड आणि सुमारे ४३० पिक्सेल लांब, टोकाकडे निमुळती. फोटोतल्या कडेवरच २४ पिक्सेलची रेघ ओढली तर ती दोन्ही बाजूंनी १२-१२ पिक्सेल आत येते. म्हणजे जिथे चोच २४ पिक्सेलपेक्षा बारीक होते, तिथे लाल काच उरतच नाही. हिशोब केला तर टोकाकडचे जवळपास ११५ पिक्सेल, चोचीचा पाव भाग, काळा होतो आणि खंड्या आखूड चोचीचा दिसतो. उपाय दोन केले. चोचीभोवतीची रेघ १६ पिक्सेलची घेतली आणि तिचा मध्य फोटोतल्या कडेवर न ठेवता ८ पिक्सेल बाहेर सरकवला, म्हणजे पूर्ण लाल भाग काचेला मिळाला. मग टोकापासून पार्श्वभूमीत चौकटीपर्यंत एक रेघ चोचीच्याच दिशेने पुढे नेली. टोकाच्या काळ्या बिंदूला त्यामुळे कारण मिळतं आणि चोचीची धारही वाढते.

तुकड्यांच्या मापात मी मुद्दाम मोठी तफावत ठेवली. डोक्यावरचे तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे, पंखातले चार-पाच सेंटिमीटर लांबीचे आणि पिसांच्या दिशेने धावणारे, पार्श्वभूमीतले तळहाताएवढे. कुठल्याही तुकड्याची लहान बाजू रेघेच्या चौपटीपेक्षा कमी नको, हा माझा नियम. त्याखाली गेलं की त्या भागात काचेपेक्षा शिसंच जास्त दिसतं आणि रंग मळतो. खात्री करायला चित्र ४०० पिक्सेल रुंदीचं करून बघतो. जिथे काळा डाग दिसेल तिथले दोन तुकडे एक करायचे.

रेघा झाल्यावर त्या पांढऱ्यावर काळ्या अशा, फोटोच्याच मापात वेगळ्या फाइलमध्ये काढल्या आणि प्रत्येक बंद जागेला फोटोतला एकच रंग देणारा हा छोटा पायथन कोड चालवला:

```python
import numpy as np
from skimage import io, color, measure

photo = color.rgb2lab(io.imread("khandya.png")[..., :3])
lines = color.rgb2gray(io.imread("lines.png")[..., :3])
parts = measure.label(lines > 0.5, connectivity=1)

out = np.zeros_like(photo)
for n in range(1, parts.max() + 1):
    m = parts == n
    out[m] = np.median(photo[m], axis=0)

io.imsave("flat.png", (color.lab2rgb(out) * 255).astype("uint8"))
```

इथे सरासरी न घेता मध्यक घेतला आहे. तुकड्यात थोडी निळी पाठ आणि थोडी हिरवळ आली, तर सरासरी दोन्ही मिसळून राखाडी करते. मध्यक बहुतेक वेळा जो रंग जास्त आहे त्याच्याच बाजूला राहतो. दुसरा फायदा म्हणजे कुठे रेघ नीट टेकलेली नसेल तर दोन तुकडे एकच मानले जातात आणि एकाच रंगात येतात, म्हणून फट लगेच सापडते.

हे रंग अजून फोटोचेच असतात, काचेचे नाहीत. काचेच्या कारखान्यात शंभर छटा मिळाल्या तरी एका खिडकीत मोजक्याच वापरल्या जातात, म्हणून मीही मोजके रंग घेतले: पाठीला नीलम, पंखाच्या कडेला पाचूकडे झुकणारा मोरपंखी, चोचीला माणिक, पार्श्वभूमीला गडद पाचू आणि त्यात काही ठिकाणी पुष्कराजाचा पिवळा. प्रत्येक तुकड्याला यातला जवळचा रंग दिला. रंग गडद करताना एचएसव्हीमधलं सॅच्युरेशन वाढवायचं टाळलं, कारण तिथे निळा काळवंडतो आणि पिवळा मात्र डोळ्यांत घुसतो. लॅब या रंगपद्धतीत उजळपणा तसाच ठेवून फक्त रंगाची तीव्रता वाढवली. शेजारशेजारच्या एकाच रंगाच्या तुकड्यांमध्ये उजळपणाचा चार-सहा अंकांचा फरक ठेवला. तो नसेल तर दोन तुकड्यांमधली रेघ काचेवर पडलेल्या भेगेसारखी दिसते.

खरा पेच डोक्याच्या तपकिरी रंगाचा. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगी, आणि तो तपकिरी वाटतो तो आजूबाजूला त्याच्यापेक्षा उजळ काही असल्यामुळे. काळ्या रेघांच्या मध्ये मागून उजेड आला की तोच रंग नारिंगी नाहीतर मधासारखा दिसू लागतो. फोटोतला तपकिरी जसाच्या तसा ठेवला तर डोकं मेलेलं दिसतं, जणू त्या तुकड्यांमागे उजेडच नाही. म्हणून मी तपकिरीचा हट्ट सोडला आणि गोमेदाचा लालसर मधाळ रंग घेतला, गडद ते मध्यम अशा तीन छटांत. शेजारी पाठीचा निळा असल्याने डोकं अजूनही खंड्याचंच वाटतं. या चित्रातला मला सर्वांत आवडलेला निर्णय हाच.

गळ्याचा पांढरा रंगही जसाच्या तसा चालत नाही. शुद्ध पांढरा तुकडा चित्रात भोक पडल्यासारखा दिसतो. जुन्या बिनरंगी काचेत लोहाच्या अंशामुळे हिरवट झाक असते. तीच थोडी दिली आणि गळ्याचे तुकडे शेजारच्यांपेक्षा लहान केले, म्हणजे उजळपणा रेघांनी आवरला जातो.

आता उजेड. खऱ्या खिडकीत निळा रंग दुरून पसरतो आणि शेजारची रेघ बारीक करतो. लाल बऱ्यापैकी आपल्या जागी राहतो. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी निळ्याच्या या पसरण्याकडे बारकाईने लक्ष वेधलं होतं. पडद्यावर हे आपोआप होत नाही. म्हणून रंगांच्या लेयरची एक प्रत गॉशियन ब्लरने १४ पिक्सेल धूसर करून रेघांच्याही वर, स्क्रीन मोडमध्ये ३५ टक्के ठेवली. निळ्या तुकड्यांसाठी वेगळी प्रत २४ पिक्सेलची. रेघा पूर्ण काळ्या न ठेवता गडद करड्या केल्या, नाहीतर त्या शाईच्या वाटतात, धातूच्या नाहीत. फोटोतल्या सावल्या सगळ्या काढल्या, कारण उजेड मागून येतो तेव्हा पक्ष्याच्या पोटाखाली सावली असायचं कारणच नाही. प्रत्येक तुकड्यातली काचेची लकीर वेगवेगळ्या दिशेची आहे, फक्त पंखातल्या तुकड्यांत ती पिसांच्या दिशेने धावते. हे काम निम्म्या पंखापर्यंत आलं आहे.

याच फोटोचं मोझेक करायचंही डोक्यात आहे, पण या रेघा तिथे उपयोगाच्या नाहीत. मोझेकमधली फट रेखाटन करत नाही. आकार दाखवतात त्या फरशांच्या ओळी, म्हणून त्या पक्ष्याच्या कडेला समांतर वळत गेल्या पाहिजेत. फरशीचं माप डोळ्यावरून ठरवणार आहे. डोळा वाढवून ९६ पिक्सेलचा केला आहे. फरशी २४ पिक्सेलची घेतली तर त्यात आडव्या चार बसतात, आणि बुबुळ, चमक, कडा एवढं दाखवायला त्या पुरतात. ४० पिक्सेलची घेतली तर दोनच बसतात आणि डोळा ओळखू येत नाही. म्हणून डोक्यावर २४, पार्श्वभूमीत ४०, आणि फटी गडद करड्या. फिकट फटी रत्नांचे रंग पाणचट करतात.