तुम्ही विचारलंत म्हणून

“चार कोटी ओळींचं टेबल रोज रात्री मुळापासून कशाला लोड करता? इन्क्रिमेंटल लावलेलं होतं ना तुम्ही, मग ते काढलंत का?”

काढले, कारण आमच्या विक्रीच्या टेबलातील जुन्या ओळी जुन्या राहत नाहीत. हे वाक्य मी अनेकांना सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी समोरून “म्हणजे?” असाच प्रश्न आला आहे, म्हणून या वेळी घडले ते सविस्तर लिहिते.

इन्क्रिमेंटलचा, म्हणजे सगळे टेबल न ओढता फक्त अलीकडचा भाग ताजा करण्याचा, आग्रह मीच धरला होता. आमचा डॅशबोर्ड ज्यावर चालतो त्या पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात एका रिफ्रेशला दोन तासांची मर्यादा आहे आणि आमच्या फुल रिलोडला १ तास ५० मिनिटे लागत होती. बेळगावच्या उद्यमबागेतील सर्व्हरची लाइन एखाद्या रात्री मंद झाली, की सकाळी डॅशबोर्डवर आदल्या दिवशीचेच आकडे दिसत. मी पाच वर्षांचा साठा आणि शेवटच्या तीन महिन्यांचा रिफ्रेश असे धोरण लावले. गाळणी बिलाच्या तारखेवर होती:

```
Table.SelectRows(Sales, each [inv_date] >= RangeStart and [inv_date] < RangeEnd)
```

ही अट SQL सर्व्हरपर्यंत नीट पोहोचते आहे, म्हणजे सगळे टेबल ओढून मग गाळले जात नाही, याचीही मी खात्री केली होती. पहिला पूर्ण लोड झाल्यानंतर रोजचा रिफ्रेश नऊ मिनिटांत संपू लागला. हे काम मी निष्काळजीपणे केले असे कोणी म्हटले, तर मला ते आजही मान्य नाही.

आमचा माल बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत जातो, तसाच चंदगड आणि गडहिंग्लजलाही जातो. मधे राज्याची सीमा आहे, त्यामुळे खानापूरच्या दुकानाला सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, तर चंदगडच्या दुकानाला आयजीएसटी. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक कर्नाटकासाठी २९ आणि महाराष्ट्रासाठी २७ असतात. चंदगड भागातील काही दुकाने आमच्या पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या यादीत, २९ ने नोंदली गेली होती, आणि नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळातील त्यांची ६१ बिले चुकीच्या कराने गेली होती. हिशेब विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्त केली. जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढली आणि त्याच मालाचे नवे बिल सप्टेंबरच्या तारखेने केले.

आमचे बिलिंग सॉफ्टवेअर क्रेडिट नोटेची वेगळी ओळ विक्रीच्या टेबलात घालत नाही. ते मूळ बिलाच्या ओळीतच निव्वळ रक्कम शून्य करते. म्हणजे फेब्रुवारीची ओळ फेब्रुवारीच्याच तारखेने राहिली, फक्त तिच्यातील आकडा बदलला. माझ्या मॉडेलमधील फेब्रुवारीचे पार्टिशन, म्हणजे त्या महिन्याचा वेगळा साठवलेला भाग, तीन महिन्यांच्या बाहेर असल्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही आणि तिथे जुनी रक्कम तशीच राहिली. सप्टेंबरचे नवे बिल मात्र त्याच रात्री आले. एकच माल दोनदा विकलेला दिसू लागला. फरक होता १४ लाख ८२ हजार रुपयांचा.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, विक्री प्रतिनिधींचा इन्सेंटिव्ह मागील बारा महिन्यांच्या विक्रीवर ठरला आणि तो आकडा माझ्या डॅशबोर्डवरून घेतला गेला. त्या बारा महिन्यांत जुनी बिले आणि नवी बिले अशी दोन्ही येत होती. चंदगड मार्गावरच्या मुलाची विक्री सर्वांत जास्त वाढलेली दिसली. त्याला रक्कम मिळाली आणि त्याने ती घरी दिलीही. दोन आठवड्यांनी हिशेबनीस काका वही घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “ताई, वर्षाची बेरीज माझ्याशी जुळत नाही.”

मी त्यांना जवळजवळ वाद घालूनच परत पाठवले. माझ्याकडे रोजची तपासणी होती, जी मूळ टेबलातील आणि मॉडेलमधील ओळींची संख्या महिन्यागणिक ताडून पाहत असे, आणि ती प्रत्येक महिन्यात तंतोतंत जुळत होती. ती जुळणारच होती, कारण एकही ओळ वाढली नव्हती किंवा कमी झाली नव्हती. हे लक्षात यायला मला अख्खी सकाळ लागली. दुपारी मी त्याच तपासणीत रकमेची बेरीज घातली:

```sql
SELECT YEAR(inv_date), MONTH(inv_date), COUNT(*), SUM(net_amt)
FROM sales
GROUP BY YEAR(inv_date), MONTH(inv_date)
```

ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर जुळले. नोव्हेंबर ते मार्च या पाचही महिन्यांत मॉडेलची बेरीज जास्त निघाली. त्या मुलाच्या पगारातून पुढचे चार महिने ती रक्कम कापली गेली. निर्णय माझा नव्हता, पण आकडा माझा होता, आणि त्याच्यासमोर बसून कारण समजावून सांगणेही माझ्याच वाट्याला आले. “पण माल तर मी दिला होता ना?” एवढेच त्याने विचारले. दिलाच होता, फक्त एकदा.

“बदल ओळखण्याचा पर्याय का नाही लावला?” असेही मला विचारले जाते. तो लावलेला होता, शेवटच्या बदलाची वेळ असलेल्या रकान्यावर. तो पर्याय रिफ्रेशच्या मुदतीतीलच पार्टिशन तपासतो आणि ज्यात त्या रकान्यातील सर्वांत अलीकडची वेळ बदलली नसेल ते वगळतो. मुदतीबाहेरचे पार्टिशन तो उघडूनही पाहत नाही. हे त्या पर्यायाच्या वर्णनातच होते आणि मी ते वाचलेही होते. जुने बिल बदलेल असे मला वाटलेच नव्हते, एवढेच माझे उत्तर आहे आणि ते पुरेसे नाही.

मग मुदत वाढवायला हवी होती, हे खरे आहे. किती, ते कायद्यातूनच निघते: एका आर्थिक वर्षातील बिलांच्या क्रेडिट नोटा पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवता येतात. म्हणजे एप्रिल २०२३ चे बिल नोव्हेंबर २०२४ मध्येही बदलू शकते, आणि मुदत वीस महिन्यांची हवी. ती मी लावून पाहिली, तर ४४ मिनिटे लागली. त्याच वेळी मी टेबलातून शेरा आणि ई-वे बिल क्रमांक हे दोन रकाने काढले होते. त्यांतील जवळजवळ प्रत्येक नोंद वेगळी असल्यामुळे ते मॉडेलमध्ये दाबून कमी जागेत बसवता येत नव्हते आणि डॅशबोर्डवर कोणी पाहतही नव्हते. ते गेल्यावर फुल रिलोड १ तास ५ मिनिटांवर आला. रात्री एक वाजता कोणीही वाट पाहत नसताना वाचणाऱ्या २१ मिनिटांसाठी कोणते पार्टिशन खरे आणि कोणते शिळे हे लक्षात ठेवण्याची माझी तयारी राहिली नाही. एकेक जुने पार्टिशन निवडून ताजे करता येते, पण त्यासाठी प्रीमियम परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही.

तरीही इन्क्रिमेंटल चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. तुमच्याकडे रद्द बिल उलट्या रकमेची नवी ओळ होऊन, आजच्या तारखेने येत असेल, तर जुनी पार्टिशने खरोखर गोठलेली असतात आणि तुम्ही ते खुशाल लावावे. आमचे सॉफ्टवेअर तसे करू लागावे म्हणून मी दोनदा विनंती केली आहे. दरम्यान टेबल वाढते आहे. गेल्या आठवड्यात रिलोडला १ तास १९ मिनिटे लागली. दोन तास जवळ येतील तेव्हा मला पुन्हा वीस महिन्यांच्या मुदतीकडे जावे लागेल, आणि वीस महिन्यांपलीकडचे एखादे बिल कोणी हाताने दुरुस्त केले तर काय करायचे, हे माझे अजून ठरलेले नाही. तूर्त काकांची वही आणि माझी बेरीज आम्ही दर सोमवारी समोरासमोर बसून ताडून पाहतो.