कुकरच्या काठातून वाफ जाते? नुसतं झाकण घेऊन दुकानात जाऊ नका

कुकर दुरुस्तीच्या काउंटरवर गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "झाकण आणलंय ना? भांडं नको, झाकण पुरे." ते झाकण हातात घेतात, जुनं रबर काढतात, नवं बसवतात, पैसे घेतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. आमच्या घरातला पाच लिटरचा, बाहेरून झाकण लागणारा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर याच पद्धतीमुळे किती तरी दिवस बिघडलेला राहिला. दोष होता भांड्यात, आणि भांडं कोणी बघितलंच नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गॅस मोठा ठेवला तरी शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने फुसफुस चालू राहते, बुडबुडे फुटत पाणी भांड्यावरून खाली ओघळतं. सुरुवातीला थोडी वाफ कडेने जाणं चुकीचं नाही. आत दाब तयार झाला की तोच दाब रबराला काठावर दाबून धरतो आणि गळती थांबते. म्हणून कुकर सुरुवातीला मोठ्या आचेवरच ठेवावा. बारीक आचेवर दाब चढतच नाही, वाफ नुसती निसटत राहते आणि आपण उगाच रबराला दोष देतो. पण मोठ्या आचेवर नेहमीच्या शिट्टीची वेळ टळून गेली तरी कडेने वाफ येत असेल, तर मात्र गॅस बंद करायचा. ही नुसती इंधनाची नासाडी नाही. तळातलं पाणी त्या कडेनेच संपतं, कुकर कोरडा पडतो, आतले डबे करपतात आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफ तिथून सुटते.

आमच्याकडे पहिल्यांदा रबर बदललं तेव्हा ते खरोखरच खराब झालेलं होतं. बोटांत दुमडलं की त्यावर बारीक भेगा दिसायच्या, आणि झाकणाच्या खाचेत बसवलं तर एका बाजूला फुगून वर यायचं, म्हणजे ते ताणून मोठं झालं होतं. नवं रबर बसलं, चार दिवस बरे गेले आणि पुन्हा फुसफुस. काउंटरवर परत गेलो तर उत्तर मिळालं, "झाकण नीट लावत नसाल." मी म्हटलं, भांडं घेऊन येतो, एकदा बघा तरी. "भांड्याला काय होतंय साहेब? रबरच असतं." आणखी एक रबर गळ्यात पडलं. त्याच खेपेला त्यांनी शिट्टीही "जुनी झाली" म्हणून बदलली. तिची वेगळी कथा आहे, पुढे सांगतो.

दोष रबरात आहे की भांड्यात, हे घरच्या घरी कळतं, आणि त्याला काहीही विकत आणावं लागत नाही. वाफ नेमकी कुठून येते हे आधी शोधायचं. हात जवळ नेऊ नका, डोळ्याला न दिसणारी वाफही भाजते. मी लांब दांड्याची कोरडी स्टीलची पळी घेतली आणि काठाजवळून हळूहळू फिरवली. बाकी सगळीकडे पळी कोरडी राहिली, हँडलच्या डावीकडे चार बोटांवर मात्र तिच्यावर लगेच पाणी धरलं. म्हणजे गळती चहूबाजूंनी नव्हती, एकाच जागी होती. वाफ सगळीकडून सारखी येत असेल तर बहुतेक वेळा रबरच कडक झालेलं, आक्रसलेलं किंवा चुकीच्या मापाचं असतं. एकाच जागेवरून येत असेल तर पुढची परीक्षा करायची.

कुकर पूर्ण थंड झाल्यावर त्या जागी भांड्यावर खडूने खूण केली. मग झाकणातलं रबर काढलं, अर्धा फेरा फिरवून, म्हणजे जो भाग हँडलकडे होता तो समोर नेऊन, परत बसवलं. कुकरमध्ये दोन कप पाणी घेतलं आणि पुन्हा मोठ्या आचेवर ठेवला. दोष रबरात असता तर गळतीही रबराबरोबर समोरच्या बाजूला गेली असती. ती गेली नाही. वाफ खडूच्या खुणेवरच येत राहिली. त्या क्षणी माझं समाधान झालं की आता मला कोणी रबर विकू शकणार नाही.

झाकण या कुकरला एकाच स्थितीत लागतं, त्यामुळे दोष झाकणाच्या कडेत आहे की भांड्याच्या काठात, हे फिरवून कळत नाही. त्यासाठी रिकामं, कोरडं भांडं स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडं ठेवलं. ओटा सपाट असतो, म्हणून काठ सगळीकडे टेकायला हवा. भांडं डगमगत नव्हतं. पण वाण्याच्या बिलाचा कागद काठाभोवती सरकवत नेला तेव्हा बाकी सगळीकडे तो अडला आणि खुणेपाशी सरळ आत गेला. मग अंगठा काठावरून फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण अंगठ्याला तिथे नखभर लांबीचा उथळ खोलगटपणा स्पष्ट लागला. घर बदलताना सामानाच्या गाडीत त्या बाजूला काहीतरी आदळलं असावं. अनेक घरांत हे काम पळीच करते. भात-आमटी वाढली की पळी काठावर आपटून झाडायची सवय असते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा काठ रोजच्या त्या माराने हळूहळू बसतो. पळी झाडायची तर ताटलीवर झाडावी.

हे सगळं सांगायला भांडं घेऊन काउंटरवर गेलो. कागदाची परीक्षा करून दाखवली. तिथला मुलगा म्हणाला, "मग नवा कुकर घ्या." एवढंच. तोवर विकलेल्या रबरांबद्दल चकार शब्द नाही.

शेवटी मंडईजवळच्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी ते काम केलं. त्यांचा जन्म भांडी ठोकण्यात गेलेला. त्यांनी भांडं हातात घेताच अंगठा काठावरून फिरवला आणि माझ्या खुणेच्या आधीच म्हणाले, "इथं बसलाय." काठ लोखंडी ऐरणीवर टेकवून, लाकडी हातोडीने खालच्या बाजूने अगदी हलके ठोके दिले. दर दोन-तीन ठोक्यांनी सपाट पत्र्यावर भांडं उपडं ठेवून बघत होते. मग बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून काठ गुळगुळीत केला. त्यानंतर झाकण लावून बघितलं आणि म्हणाले, "कानही सैल आहेत." काठावर आणि झाकणावर जे एकमेकांत अडकणारे पुढे आलेले भाग असतात त्यांना ते कान म्हणतात. नवं रबर असताना झाकण फिरवून दोन हँडल एकावर एक आणायला थोडा जोर लागला पाहिजे. एका बोटाने झाकण फिरत असेल तर कान उघडलेले आहेत, रबर पुरेसं दाबलंच जात नाही. त्यांनी झाकणाचे कान थोडे दाबून दिले. हे घरी हातोडी घेऊन करण्याचं काम नाही. जास्त दाबलं तर झाकण अडकतं, आणि दाबाखाली चालणाऱ्या भांड्यावर अंदाजाने ठोकाठोक धोक्याची आहे.

काकांनी मर्यादाही सांगितल्या. काठाला केसाएवढी भेग असेल तर ते कुकर हातात घेत नाहीत, तो भंगारातच द्यावा. स्टीलच्या कुकरचा काठ असा सहज सरळ होत नाही. आणि एकाच जागी वारंवार ठोकलेलं अ‍ॅल्युमिनियम पुढे तडकतं.

घरी आल्यावर आधी नुसतं पाणी घालून चाचणी घेतली. शिट्टी वेळेवर झाली, पळी सगळीकडे कोरडी. फार बरं वाटलं.

आता त्या शिट्टीचं. गळती थांबल्यावर उलटाच त्रास सुरू झाला. शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि तरी तूरडाळ बोटचेपी. शिट्ट्या जास्त होण्याचं पहिलं कारण नेहमी आच असतं. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा. दाब पुरेसा झालेला असतो, त्यापुढची जादा उष्णता फक्त वाफ बाहेर टाकते. भिजवलेली तूरडाळ आमच्याकडे पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर सात-आठ मिनिटांत होते. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजणं खात्रीचं. पण इथे आच बारीक करूनही फरक पडेना. जुनी शिट्टी मी टाकली नव्हती. दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, तर नवी जवळजवळ पाव हिश्शाने हलकी निघाली.

शिट्टी म्हणजे नळीच्या भोकावर ठेवलेलं वजन. घरगुती कुकरमध्ये ते दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब झाला की उचललं जातं, आणि त्या दाबाला पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. वजन हलकं असेल तर शिट्टी लवकर उचलते, सारखी उचलते, आणि आतलं तापमान मात्र कमीच राहतं. जुनी शिट्टी धुऊन, आतला डाळीचा साका टूथब्रशने काढून परत लावली आणि डाळ पूर्वीसारखी झाली. म्हणून शिट्टी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्यावी, "सगळ्याला चालते" असली घेऊ नये.

शिट्टीतून पिवळं पाणी उडत असेल तर कारण वेगळं. डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका, ते फेसाळतात. वर आलेला फेस नळीत वाळतो आणि भोक अरुंद करतो. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते रोज बघावं. दिसत नसेल तर सुईने किंवा बारीक तारेने साफ करून, पाणी सोडून बघावं, मगच कुकर लावावा.

एक राहिलं. धुतल्यावर रबर झाकणात बसवून ठेवू नका, काढून खिळ्याला मोकळं टांगा. आणि फ्रीजरमध्ये ठेवलेलं जुनं रबर एक-दोन वेळा चालतं हे खरं, थंडीने ते आक्रसतं म्हणून. पण भेगा पडलेलं रबर त्याने सुधारत नाही, तेवढ्यात नवं आणून ठेवा. आणायला जाताना भांडंही बरोबर न्या.