पहिला बल्ब करंट खातो का?

सहावीच्या वर्गात विद्युत परिपथ शिकवताना मला मुलांकडून एकच गोष्ट नीट उमजून हवी होती: वाटेत बल्ब आला म्हणून त्याच्या पुढे करंट कमी होत नाही. एका तासात होईल असं वाटलं होतं. तीन तास लागले.

सामान साधंच होतं. टॉर्चचे २.५ व्होल्टचे जुन्या धाटणीचे बल्ब, पेन्सिल सेल, बेलची वायर, चिकटपट्टी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे. तो पट्टा सेलवर लांबीच्या दिशेनं चढवला की वायरची टोकं दोन्ही बाजूंना घट्ट दाबून बसतात, सेलचा होल्डर लागत नाही. बल्बसाठी मात्र दुकानं पालथी घालावी लागली, कारण बहुतेक ठिकाणी आता एलईडीच मिळतात आणि ते या धड्याला चालत नाहीत. एलईडी एकाच दिशेनं पेटतो आणि पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे वेगळेच प्रश्न उभे राहतात.

सुरुवातीला एका गटाचा बल्ब पेटेचना. सेल बदलला, बल्ब बदलला, तरी नाही. वायर घरच्या जुन्या मोटारीतली होती. दिसायला उघडं तांबं, पण त्यावर वार्निशचा पातळ थर असतो. टोकं पॉलिश पेपरनं घासल्यावर लगेच उजेड पडला. हे मी आता आधीच तपासते.

मग मुख्य काम. एकामागोमाग एक लावलेले दोन सेल आणि एकाच वाटेवर दोन बल्ब. शेवटची वायर टेकवण्याआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं: कोणता बल्ब जास्त उजळेल आणि का? आधीच्या वर्षी मी हे तोंडी विचारलं होतं, तेव्हा सगळा वर्ग एका हुशार मुलीच्या मागे गेला आणि बाकीच्यांच्या मनात काय होतं ते मला कळलंच नाही. म्हणून चिठ्ठी, आणि ती आधी माझ्याकडे जमा. बहुतेकांनी लिहिलं, ‘प्लसकडचा, कारण पहिला बल्ब करंट खातो आणि उरलेला दुसऱ्याला जातो.’

वायर टेकवली आणि प्लसकडचा बल्ब खरंच किंचित जास्त उजळला.

वर्गात जल्लोष झाला. मी घाईनं म्हटलं, “नीट बघा, सारखेच आहेत.” मागच्या बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “पण बाई, वेगळं दिसतंय ना.” त्याचं बरोबर होतं. निरीक्षणाला मीच खोटं पाडत होते, आणि तसं केलं तर भाकीत लिहून घेण्याला अर्थच उरत नाही. मी तास तिथेच थांबवला.

घरी विचार करताना लक्षात आलं, दोष बल्बांच्या तारेत आहे. एकाच पाकिटातल्या दोन बल्बांची तार तंतोतंत सारखी नसते. करंट सारखा असला तरी जिचा रोध जास्त, ती जास्त तापते.

दुसऱ्या दिवशी तेच बल्ब घेतले, एकावर शाईचा ठिपका दिला. नवी चिठ्ठी: बल्बांची जागा अदलाबदल केली तर कोण उजळेल? जागेमुळे उजेड जास्त असेल तर प्लसकडचाच उजळायला हवा. बदलले, तर ठिपक्याचा बल्ब मायनसकडे जाऊनही जास्त उजळ राहिला. मग सेल उलटे लावले, तरी तोच. “बाई, बल्बच तसा आहे!” हे वाक्य मुलांकडून आलं, मला सांगावं लागलं नाही. अशी विजोड जोडी आता मी मुद्दाम राखून ठेवते.

तिसऱ्या तासाला दुसऱ्या बल्बच्या बुडाची वायर सोडली. पहिला पेटलेला राहील असं बऱ्याच जणांचं भाकीत होतं, दोन्ही विझले. शेवटी मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून वाटेत तीन ठिकाणी घातला: बल्बांच्या आधी, मध्ये आणि नंतर. आकडा तिन्हीकडे सारखा. स्पष्टीकरणासाठी सायकलची चेन आणली. पॅडल फिरलं की चेनची प्रत्येक कडी एकदमच सरकते, मागच्या चाकापाशी कड्या कमी होत नाहीत. तुलना इथवरच चालते, कारण चेनची गती पाय ठरवतो, तर इथे बल्ब वाढवला की करंट सगळीकडेच कमी होतो.

तेव्हा एका मुलीनं चिठ्ठीवर लिहिलं, ‘करंट संपत नाही, तर सेल का संपतो?’ मी सांगितलं की संपते ती सेलमधली रसायनांतली ऊर्जा, ती बल्बमधून उष्णता आणि उजेड होऊन जाते. पण हे त्यांनी तपासावं म्हणून चौथा प्रयोग मांडला: दोन सारखे नवे सेल, एकाला एक बल्ब, दुसऱ्याला समांतर जोडलेले दोन. कोणता सेल आधी संपेल, याच्या चिठ्ठ्या डब्यात बंद केल्या आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर वायरी टेकवल्या. मधल्या सुट्टीत जेवणाचे डबे न उघडता मुलं बल्ब बघायला आली होती.