चहाच दे

रविवार, रात्री साडेअकरा

भाचीचं केळवण छान झालं. पुरणपोळ्या पुरल्या, आमरसही पुरला. तरी झोप येत नाही, कारण जेवणं झाल्यावर माझ्या लेकाने जी नक्कल केली ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

नकला करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आज आधी त्याने माझ्या वडिलांची केली, वर्तमानपत्राची घडी घालतानाची. बाबांनी लगेच उठून त्याची परत केली, मोबाइलमध्ये मान घालून जेवतानाची. सगळे पोट धरून हसले. मग कोणीतरी म्हणालं, "मामाची कर!" मामा म्हणजे माझा आतेभाऊ. तो लहानपणापासून बोलताना अडखळतो. लेकाने उभं राहून "प-प-प-पुरणपोळी" केलं, आणि खोली पुन्हा हसली. आतेभाऊही हसला. इतरांच्या आधी हसला. मग पानातली पोळी तशीच ठेवून हात धुवायला गेला.

घरी आल्यावर मी लेकाला विचारलं. तो म्हणाला, "अगं आई, मामा स्वतःच हसला की! आणि तो स्वतःवर जोक करतोच ना?" हे खरं आहे. "मला फोन करायचा तर आधी चार्जिंग फुल करा," हे वाक्य त्याचंच. पण तो ते कधी म्हणतो? एखाद्या अनोळखी माणसासमोर शब्द अडकला आणि समोरचा अवघडला, की त्याला मोकळं करायला म्हणतो. तेव्हा दोरी त्याच्या हातात असते. तेच वाक्य दुसऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं की त्याच्या हातात काहीच राहत नाही.

लेकाला मी रागावू शकले नाही, कारण ही नक्कल आमच्या घरात पहिल्यांदा मीच केली होती.

1991 ची मे महिन्याची सुट्टी. मी चौदा वर्षांची, आतेभाऊ बाराचा. सांगलीहून कोल्हापूरला निघालो होतो. एसटीत पैसे आत्याने त्याच्याकडे दिले होते, मोठा झाला म्हणून. कंडक्टर आला. "कुठं?" त्याला "कोल्हापूर" म्हणायचं होतं. तोंड उघडलं, जीभ मागे जाऊन घशापाशी चिकटली, मानेची शीर ताठ झाली आणि आवाजच आला नाही. कंडक्टर हातातला चिमटा वाजवत उभा. टक, टक, टक. मागच्या बाकावरच्या बाईंनी "बोल की रे बाळा" म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "दोन. शेवटचा स्टॉप."

त्या रात्री मी अंगणात हा अख्खा प्रसंग करून दाखवला. कंडक्टरही मीच, तोही मीच. "क-क-क-कोल्हापूर!" सगळे लोळले. तोही हसला. पुढच्या वर्षी पुन्हा एसटीत बसलो तेव्हा त्याने पैसे माझ्या हातात ठेवले, "तू काढ तिकीट," आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आज वाटतं, उत्तर तिथेच होतं. चेष्टा कुठे लागली हे त्या क्षणीच्या हसण्यात दिसत नाही. तो माणूस नंतर काय करायचं सोडतो, त्यात दिसतं.

आणि मी जे करून दाखवलं ते घडलंही नव्हतं. "क-क-क" तो म्हणालाच नव्हता. अडखळण्याचे तीन प्रकार असतात. एकात अक्षर पुन्हा पुन्हा येतं, दुसऱ्यात ते लांबतं, तिसऱ्यात आवाज पूर्ण बंद पडतो. नक्कल नेहमी पहिल्याची होते, कारण ते ऐकायला मजेशीर लागतं. बंद पडण्याची नक्कल कोणी करत नाही, त्यात ऐकवण्यासारखं काही नसतं. बोलणाऱ्याला मात्र बऱ्याचदा सगळ्यात जास्त तेच छळतं. शब्द काय आहे ते त्याला पक्कं माहीत असतं, फक्त तो बाहेर येत नाही.

आत्याने काय काय केलं! वेखंड उगाळून जिभेला लावलं, तोंडात खडे धरून बोलायला लावलं. मोठी माणसं सांगायची, "घाबरतो म्हणून होतं. आरतीला बघा, कसा खडाखडा म्हणतो." आरतीला तो खरंच अडखळत नाही. गाताना किंवा चारचौघांच्या सुरात सूर मिसळताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं. म्हणून एकटं बोलतानाचं अडखळणं नाटक ठरत नाही. त्याचं मूळ मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते तिच्यात असतं, आणि पुष्कळदा ते आनुवंशिक असतं. माझ्या नकलेने ते आलं नाही, हेही मला स्वतःला नीट सांगायला हवं. पण "आता अडकणार आणि सगळे बघणार" ही धास्ती आली की अडकणं वाढतं. त्या धास्तीत माझा वाटा आहे.

लेक म्हणाला, "मग आजोबांची केलेली चालते, मामाची का नाही?" प्रश्न रास्त होता. मी बराच वेळ विचार करून त्याला म्हटलं, आजोबांनी तुझी परत केली ना? फिरकी घ्यायची तर समोरच्याला ती उलटवता आली पाहिजे. मामाला उत्तर सुचत नाही असं नाही, तो आपल्या सगळ्यांत जास्त हजरजबाबी आहे. पण उत्तर द्यायला जीभ लागते, आणि तू बोट ठेवलंस ते नेमकं जिभेवर. त्याचा शब्द बाहेर येईपर्यंत हशा संपलेला असतो, विषय पुढे गेलेला असतो. मग त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, सगळ्यांच्या आधी हसून टाकणं.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण माझ्या मनात तसं काही नव्हतं गं." मला माहीत आहे. माझ्याही नव्हतं. 2006 साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चिडवणाऱ्याला वाटतं आपला चांगला हेतू समोरच्याला दिसतोय. तो त्याला तितकासा दिसत नाही. हेतू आपल्या मनात राहतो, त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त शब्द. आणि इथे तर त्याचेच शब्द, मोडून परत दिलेले.

दहा वाजता मी आतेभावाला फोन केला. फोन त्याला सगळ्यात अवघड जातो, म्हणून आधी मेसेज करून विचारलं. त्यानेच उलट फोन केला. मी एसटीचं काढलं. वाटलं, विसरला असेल. तो म्हणाला, "कंडक्टरच्या चिमट्याचा आवाजसुद्धा काढला होतास, ताई." मी माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. अडकलाय की गप्प आहे ते फोनवर कळत नव्हतं. मधे पडून त्याचं वाक्य पुरं करायची माझी जुनी खोड आहे. आज थांबले.

मग त्याने सांगितलं की त्याला कॉफी आवडते. कॉलेजपासून आवडते. पण "क" अडतो, म्हणून हॉटेलात, ऑफिसात, आमच्या घरी, सगळीकडे तो चहा मागत आला. तीस वर्षं मी त्याच्यासाठी आलं घालून चहा करते आहे, आणि त्याला चहा किती आवडतो हे लोकांना कौतुकाने सांगते आहे.

मी म्हटलं, "बुधवारी येतोयस ना पत्रिका द्यायला? कॉफी करते."

"नको गं," तो म्हणाला. "च-चहाच दे. आता त्याचीच सवय झालीय."