लाल बार बिल एन्ट्रीचा होता, माणसं गेली डॉक्टरांकडे

२०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा पुण्यात हेल्थ इन्शुरन्सच्या रिइम्बर्समेंट क्लेमच्या बॅकऑफिसला एमआयएस आणि प्लॅनिंग बघायचे, म्हणजे कुठल्या क्यूमधे किती फायली पडल्यात, किती निघतायत आणि कुठे माणूस कमी पडतोय हे रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सांगायचं. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे क्लेम तसेही वाढतात, त्यात दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे साठलेलं सगळं एकदम आत आलं आणि पुढच्या आठवड्यात डॅशबोर्ड बघवत नव्हता.

आधी फाईल कशी फिरते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. क्लेम आला की इनवर्डला स्कॅन होऊन नंबर पडतो, मग बिल एन्ट्रीची पोरं हॉस्पिटलचं एकेक बिल सिस्टीममधे टाकतात, त्यानंतर साधे छोटे क्लेम थेट अप्रूव्हलला जातात आणि मोठ्या रकमेचे किंवा गुंतागुंतीचे, आमच्याकडे साधारण पाचातला एक, ते मेडिकलला म्हणजे आमच्या डॉक्टरांकडे जातात. शेवटी पेमेंट. प्रत्येक टप्प्याची वेगळी क्यू आणि डॅशबोर्डवर प्रत्येक क्यूचे दोन चार्ट, एक पेंडन्सी म्हणजे पडून असलेल्या फायली रोज किती वरखाली झाल्या त्याचा आणि दुसरा एजिंगचा, म्हणजे फाईल किती दिवसांपासून पडलीये त्याचा, ज्यात ०–३ दिवस, ४–७, ८–१० आणि १० च्या वर असे डबे.

त्या बुधवारी दुसऱ्या प्रोसेसमधून आठ माणसं दोन आठवड्यांसाठी मिळाली होती, आणि मीटिंगला बसायच्या आधीच सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की ती बिल एन्ट्रीला जाणार. दिसायला बरोबरच होतं ते. बिल एन्ट्रीत २४०० फायली आणि मेडिकलमधे फक्त ६२०. एक बार स्क्रीनच्या वरपर्यंत लाल आणि दुसरा त्याच्या पाव उंचीचा. बिल एन्ट्रीचे टीएल म्हणजे टीम लीडर म्हणाले, "मॅडम, माझी पोरं दिवाळीपासून ओव्हरटाइम करतायत, आता तरी माणसं द्या." त्यांचं चुकत नव्हतं, पोरं खरंच दमली होती.

पण पेंडन्सीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो रोजच्या आउटपुटने भागायचा, मग किती दिवसांचं काम पडलंय ते कळतं. बिल एन्ट्रीतून रोज ८०० निघत होत्या, म्हणजे तीन दिवसांचं काम. मेडिकलमधून रोज १३०, म्हणजे जवळजवळ पाच दिवसांचं. नुसत्या भागाकारात लहान बार मोठा झाला. मग ट्रेंड बघितला. बिल एन्ट्री सोमवारी सकाळी २७००, मंगळवारी २५५०, बुधवारी २४००. म्हणजे सुट्टीचा फुगवटा होता आणि तो आपोआप उतरत होता, रोज ६५० येत होत्या आणि ८०० जात होत्या. आमची नेहमीची पेंडन्सी १२०० च्या आसपास असायची, तर हाच वेग राहिला तर आठेक दिवसांत जागेवर येणार. एजिंगमधे पण जवळजवळ सगळ्या ०–३ मधे, म्हणजे कोणाची फाईल तिथे कुजत नव्हती.

मेडिकलचा ट्रेंड सपाट दिसत होता, आणि सपाट रेषेकडे कोणी बघत नाही. पण तिथला स्केल बिल एन्ट्रीसोबतच लावलेला, हजारांचा, त्यावर रोजची ३० ची वाढ दिसणार कशी. मी तो चार्ट एकटा वेगळ्या स्केलवर काढला तर रेषा सरळ चढत होती. कारण साधं होतं. बिल एन्ट्री ओव्हरटाइम करून ६५० ऐवजी ८०० काढत होती, त्यातला पाचवा हिस्सा म्हणजे १६० डॉक्टरांकडे आणि डॉक्टर सहा, प्रत्येकी २२ च्या आसपास, म्हणजे १३०. आता यात आठ माणसं बिल एन्ट्रीला दिली असती तर नवीन माणूस ३० तरी काढतोच, म्हणजे आउटपुट १०४० आणि डॉक्टरांकडे २०० च्या वर फायली, रोज सत्तर-ऐंशीची वाढ. तीन-चार दिवसांत बिल एन्ट्रीचा बार हिरवा झाला असता, टाळ्या वाजल्या असत्या आणि मेडिकलला तोपर्यंत ६२० च्या साडेआठशेच्या वर झालेल्या असत्या.

याच्यापेक्षा जास्त मला त्रास दिला तो मेडिकलच्या एजिंगने. ०–३ मधे ३९०, ४–७ मधे ८०, ८–१० मधे ६० आणि १० च्या वर ९०. हे आकडे नीट बघा. पाच दिवसांचं काम पडलेलं आहे, फायली आल्या तशा क्रमाने उचलल्या तर पाच दिवसांपेक्षा जुनी फाईल तिथे असायलाच नको. आणि इथे मधले डबे लहान होऊन शेवटचा परत मोठा. असा आकार दिसला की समजायचं क्रमाने काम होत नाहीये, कोणीतरी सोप्या फायली आधी उचलतंय आणि जड फायली मागे सरकवल्या जातायत. यात डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांचं टार्गेटच रोजच्या आकड्यावर होतं, मग कोण आधी तीन हॉस्पिटलची केमोथेरपीची फाईल उघडेल.

अजून एक गोष्ट होती जी चार्टवर दिसतच नाही. आमचा डॅशबोर्ड वय मोजायचा ते त्या क्यूमधे आल्याच्या तारखेपासून. म्हणजे टप्पा बदलला की फाईल परत शून्य दिवसांची, मग मागे तिने कितीही दिवस काढलेले असोत. मी कागद मिळाल्याच्या तारखेचा कॉलम जोडून डेटा परत काढला तर ०–३ मधल्या त्या ताज्या दिसणाऱ्या ३९० मधे ७० फायली अशा निघाल्या ज्यांना कागद येऊन १५ दिवस उलटून गेलेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत क्लेमचा निकाल लावायचा, नाहीतर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यायचं. तर या ७० ची अर्धी मुदत संपलेली आणि आमच्या चार्टवर त्या सगळ्यात नव्या डब्यात. व्याजाचं एक असो, पण ज्या घराने खिशातून दोन-तीन लाख भरलेत ते घर रोज फोन करून विचारतं ना, त्यांना आमचा डबा कुठला हे काय करायचंय.

मीटिंगला अजून वेळ होता म्हणून मी १० च्या वरच्या ९० फायली उघडायला घेतल्या. एजिंग चार्ट जुनं कुठे पडलंय ते सांगतो, का पडलंय ते फाईल उघडल्याशिवाय कळत नाही आणि हे काम कोणाला करायचं नसतं. त्यातल्या ५२ मधे डॉक्टरांनी हॉस्पिटलला मेलवर क्वेरी पाठवलेली, कोणाचे इनडोअर केस पेपर हवेत, कोणाचा आधीच्या आजाराचा इतिहास हवाय, पण सिस्टीममधे स्टेटस बदललंच नव्हतं. त्यामुळे फाईल मेडिकलमधेच दिसत राहिली. त्यांना डॉक्टर नको होते, फोन करून कागद मागणारा माणूस हवा होता. उरलेल्या ३८ खऱ्या अडलेल्या, लांबलचक आयसीयू, कॅन्सर, अपघातानंतरच्या दोन-दोन ॲडमिशन.

मग एका सिनियर डॉक्टर मॅडमच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना म्हटलं, मी फक्त बघते, तुम्ही काम करा. एका फाईलला साधारण वीस मिनिटं लागत होती आणि त्यातली पाच मिनिटं तरी डिस्चार्ज समरी शोधणे, उलटे स्कॅन झालेले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणे, इंडोअर चार्टचं पान गायब आहे का बघणे यात जात होती. त्याला एमबीबीएस लागत नाही.

मीटिंगमधे मी सांगितलं की आठमधला एकही माणूस बिल एन्ट्रीला देऊ नका. टीएल चिडले आणि आमच्या हेड मॅडमनी सरळ विचारलं, "अगं, ती आठ मुलं डॉक्टर आहेत का? मेडिकलला देऊन करणार काय?" मी वेगळ्या स्केलचा चार्ट दाखवला, १०४० चा हिशोब मांडला आणि म्हटलं, पाच जण डॉक्टरांच्या आधी बसून फायली लावून देतील, तीन जण त्या ५२ क्वेरींच्या मागे हॉस्पिटलला फोन करतील आणि स्टेटस बदलतील. दोन डॉक्टर फक्त ३८ जुन्या फायली काढतील, मोजणीशिवाय, त्या दिवसांचं टार्गेट माफ. आणि बिल एन्ट्रीला ओव्हरटाइम बंद करायचा नाही पण वाढवायचाही नाही. मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू, नाही झालं तर माणसं तिकडे जाणार."

पहिले दोन दिवस मेडिकलचं आउटपुट उलट कमी झालं, होणारच होतं, कारण जड फाईलला चाळीस मिनिटं लागतात आणि नवीन पोरांना समरी कुठली आणि ओपीडी पेपर कुठला हे शिकवावं लागत होतं. शुक्रवारी मी आउटपुटऐवजी १० च्या वरचा डबा दाखवला, तो ९० वरून विसाच्या खाली आला होता, त्यातल्या ५२ तर नुसत्या योग्य जागी गेल्या म्हणून. माणसं राहिली. पुढच्या आठवड्यात वीसची पंधरा मिनिटं झाली आणि डॉक्टर दिवसाला १७० च्या वर जायला लागले, आत येणाऱ्या १६० पेक्षा जास्त, तेव्हा ती चढती रेषा पहिल्यांदा वळली.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवली नसती तर सगळं उधळलं असतं. जुन्या फायली काढल्या की त्या आठवड्यात बंद झालेल्या क्लेमचा सरासरी टॅट, म्हणजे क्लेम आल्यापासून बंद व्हायला लागलेले दिवस, वाढतो, कारण बंद होणाऱ्यांत जुन्या फायली जास्त असतात. आमचा ९ दिवसांवरून १३ वर गेला. नवीन फायली पटापट काढून जुन्या तशाच ठेवल्या तर तोच आकडा सुंदर दिसतो, म्हणून सरासरी टॅट बघून माणसं वाटणाऱ्यांची मला भीती वाटते. क्लायंटचा फोन आलाच, "टॅट का बिघडला?" मॅडमनी त्यांना पेंडिंगचं एजिंग सोबत पाठवलं, बंद झालेल्यांचं वय वाढलंय आणि पडून राहिलेल्यांचं कमी झालंय हे शेजारी शेजारी ठेवून. त्यानंतर प्रश्न आला नाही.

बिल एन्ट्री सांगितल्याप्रमाणे आठेक दिवसांत १२०० वर आली, एकही जादा माणूस न घेता, आणि टीएलनी पोरांचा ओव्हरटाइम बंद केला. दोन आठवड्यांनी आठमधले सहा परत गेले. दोघं फायली लावायला डॉक्टरांकडेच ठेवून घेतले, आणि डॅशबोर्डवर कागद मिळाल्याच्या तारखेपासूनचं वय हा तिसरा चार्ट कायमचा लागला.