वरच्या मजल्यावर ३३५ व्होल्ट

रविवारी सकाळी साडेसातला फोन आला. "टीव्ही गेला, फ्रिजचा वास येतोय, लवकर या." तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एकच घर आणि प्रत्येक घराला एकेक फेज. खालच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे काही नाही झालं, फक्त दिवे मिणमिणतायत आणि पाणी तापत नाहीये. तिथेच मला शंका आली. एका घरात मंद आणि दुसऱ्यात जळतंय, म्हणजे न्यूट्रल, तिन्ही घरांची सामाईक परतीची तार, कुठेतरी तुटलाय.

मीटरखोलीत जाऊन मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल : तळमजला १३५, मधला २६५, वरचा ३३५. मग तिन्ही फेज अर्थिंगशी मोजले, तर तिन्हीकडे २३० च्या आसपास. म्हणजे बाहेरून येणारा पुरवठा ठीक होता आणि इमारतीचा न्यूट्रलच जागा सोडून सरकला होता. न्यूट्रल ते अर्थ मोजलं तर ११५ व्होल्ट. लगेच मेन स्विच पाडला. न्यूट्रल आहे म्हणून त्याला चालू लाइनवर हात लावायचा नसतो.

सोबतच्या पोराचं म्हणणं, "न्यूट्रल तुटला तर वीजच जायला पाहिजे ना?" हा प्रश्न सगळेच विचारतात. कागद घेऊन बसलो. डिप्लोमाला मिलमनचं प्रमेय तीन बॅटऱ्यांच्या गणितापुरतंच येतं : समांतर जोडलेल्या शाखा, प्रत्येकीत एक स्रोत आणि एक रोध, सगळ्यांचं सामाईक टोक किती व्होल्टवर? आपल्या इमारतीत तीन फेज हे तीन स्रोत, तीन घरांचा लोड हे तीन रोध आणि सामाईक टोक म्हणजे तुटलेल्या जोडाच्या अलीकडचा न्यूट्रल.

```
V = (E1/R1 + E2/R2 + E3/R3) / (1/R1 + 1/R2 + 1/R3)
```

घराघरांत काय चालू होतं ते विचारून घेतलं. खाली दोन गीझर आणि इस्त्री, म्हणजे २३० व्होल्टला साधारण २० अँपिअर. मध्ये एक गीझर आणि किरकोळ, १० अँपिअर. वर दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज, जेमतेम २. सूत्रातला E/R म्हणजे हेच आकडे. मात्र फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे ती सरळ बेरीज करता येत नाही, बाण काढावे लागतात. तिन्हींतून समान २ काढून टाका, कारण तीन सारखे बाण एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात १८ आणि ८, मधे १२० अंश. त्यांची बेरीज √(१८² + ८² − १८×८), म्हणजे १५.६. भाजकात २० + १० + २ म्हणजे ३२, भागिले २३०. म्हणून २३० × १५.६ ÷ ३२ = ११२ व्होल्ट. मीटरने ११५ दाखवले होते.

मग प्रत्येक फेजमधून हा सरकलेला न्यूट्रल बाणांनीच वजा केला : तळमजल्याला १३९, मधल्याला २६२, वरच्याला ३२९. पोरगा कागदाकडे बघतच राहिला. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लोड, न्यूट्रल त्याच्याच फेजकडे ओढला जातो. म्हणून खालचे गीझर नुसते कोमट झाले आणि बिचाऱ्या वरच्यांचा फ्रिज जळाला. मोजलेले आणि काढलेले आकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण गीझरची कॉइल ठरावीक रोधासारखी वागते, एलईडी दिवा किंवा टीव्ही तसे वागत नाहीत. शिवाय वरचं एकेक जळत गेलं तसा तिथला लोड घटला, म्हणजे तिथला व्होल्टेज आणखी चढला.

आता खरी गंमत चौथ्या शाखेत आहे. धड न्यूट्रल वायर म्हणजे शून्य व्होल्टचा स्रोत आणि अगदी लहान रोध. तो अंशात काहीच घालत नाही, फक्त भाजक फुगवतो. ०.१ ओहम धरला तर ३२ मध्ये २३० ÷ ०.१ म्हणजे २३०० मिळतात आणि न्यूट्रल दीड व्होल्टच्या आसपासच राहतो. तोच जोड ढिला होऊन १ ओहम झाला तर १४ व्होल्ट, आणि त्या एका जोडात १९० वॉटची उष्णता.

न्यूट्रल लिंकवरचं झाकण काढलं तेव्हा तारेच्या टोकाचा अॅल्युमिनियमचा लग काळा पडला होता, बोल्टही ढिला. लग कापून नवा क्रिंप केला, बोल्ट घट्ट आवळला, वीज चालू केली. खालचे दोन्ही गीझर लावून न्यूट्रल ते अर्थ मोजलं : १.४ व्होल्ट.

बाहेर पडताना वरच्या काकांना सहज विचारलं, आधी काही वेगळं जाणवलं होतं का? म्हणाले, "आठ दिवस बघतोय, खाली गीझर लागला की आमचा दिवा जास्त उजळतो. आम्हाला वाटलं, लाइट चांगली यायला लागली."