सोमवार आणि गुरुवार

«ताई, रेटिनॉल सुरू करायचंय. किती टक्क्यांचं घेऊ? रोज लावू का? आणि सालं निघतात म्हणतात, ती निघायलाच हवीत का?»

0.2 किंवा 0.3 टक्के, आठवड्यातून दोन रात्री, मॉइश्चरायझरच्या दोन थरांमध्ये. आणि सालं निघायला नकोत. माझे उत्तर एवढेच आहे आणि गेली दोन वर्षे मी तेच देत आले आहे. ते ऐकून समोरची व्यक्ती थोडी हिरमुसते, कारण तिला टक्क्यांचा आकडा हवा असतो आणि तोही मोठा हवा असतो. मग ती दुसऱ्या कोणाला तरी विचारून एक टक्क्याची बाटली आणते आणि तीन आठवड्यांनी लालबुंद चेहऱ्याचा फोटो मलाच पाठवते. म्हणून आज एकदाच सविस्तर लिहून ठेवते. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, डाग आणि रेषा कमी व्हाव्यात म्हणून चेहऱ्याला लावतात ते. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि हे सगळे माहीत असायला हवे होते तेव्हा मला ते माहीत नव्हते, असे नाही. माहीत असूनही मी चुकले, हीच या लेखातली अडचणीची बाजू आहे.

2023 च्या डिसेंबरात भाच्याचा साखरपुडा नाशिकला ठरला. मला बरोबर तीन आठवडे मिळत होते, आणि गालांवरच्या जुन्या मुरुमांच्या डागांचा या तीन आठवड्यांत निकाल लावायचा, असे मी ठरवले. एक टक्का रेटिनॉलचे सीरम आणले. एरवी कोल्ड क्रीम लावावे तसे दोन बोटांवर घेऊन रोज रात्री चेहऱ्यावर चोळले. पहिल्या तीन रात्री काहीही झाले नाही, आणि इथेच मी फसले. आग नाही, लाली नाही, म्हणजे माझ्या त्वचेला हे झेपते आहे, असा मी निष्कर्ष काढला. रेटिनॉल मात्र आम्लासारखे लावताक्षणी बोलत नाही. त्वचेत गेल्यावर त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड होते, मग रेटिनॉइक आम्ल, आणि हे आम्ल पेशींच्या केंद्रकातल्या रिसेप्टर्सना, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते, तेव्हा कुठे खालच्या थरातल्या पेशी भराभर विभागू लागतात. वरचा मृत पेशींचा थर विस्कळीत होतो, त्यातले पाणी उडू लागते, आणि हे सगळे उमटायला काही दिवस लागतात. आज चेहऱ्यावर जे दिसते, ते बहुधा आजचे नसते, त्याआधीच्या काही रात्रींचे असते. चौथ्या-पाचव्या दिवशी जळजळ सुरू होईपर्यंत पुढच्या दोन-तीन रात्रींचा माल आधीच आत गेलेला असतो.

सहाव्या दिवशी नाकाच्या कडांना आणि हनुवटीवर पापुद्रे सुटू लागले. मी खूश झाले. ही गोष्ट लिहायला आजही लाज वाटते, पण मी खरोखरच आरशासमोर उभी राहून खूश झाले होते, कारण जुनी कातडी जाते आणि नवी येते, असे माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते. आठव्या दिवशी नेहमीचे साधे मॉइश्चरायझर लावताच चेहऱ्याला लिंबू पिळल्यासारखे झोंबले. त्वचेचे कवच फाटले आहे, याची यापेक्षा स्पष्ट खूण नाही. जी वस्तू काल झोंबत नव्हती ती आज झोंबते, याचा अर्थ वस्तू बदललेली नाही. आईने फोनवर चेहरा पाहून विचारले, «तोंड भाजलंय का तुझं?» मी म्हटले, «नाही गं, असंच असतं ते.»

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी नाशिकच्या एका पार्लरमध्ये अप्पर लिपचे वॅक्सिंग करायला बसले. तिथल्या मुलीने वॅक्स गरम करता करता विचारले, «ताई, चेहऱ्याला काही औषध वगैरे लावता का?» मी नाही म्हणाले. रेटिनॉलला औषध म्हणायचे का, असा वाद मी स्वतःशी नंतर पुष्कळ घातला आहे, पण तिला काय विचारायचे होते ते मला त्या क्षणीही समजले होते. पट्टी ओढली गेली, आणि केसांबरोबर ओठाच्या डाव्या बाजूची, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी कातडीही निघाली. सैल झालेला वरचा थर वॅक्सला चिकटून आला होता. ती मुलगी रडकुंडीला आली. मीच तिला धीर दिला, आणि खरे कारण तेव्हाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मी पदराचे टोक ओठाजवळ धरून उभी आहे. खपली आठवड्याभरात पडली. तिच्या जागी राहिलेला तपकिरी डाग जायला आठ महिने लागले. आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत जिथे दाह होतो तिथे रंगद्रव्य जास्त साचते, त्यामुळे डाग घालवायला निघालेल्या बाईने नवा डाग कमावला, यात त्वचेची काहीच चूक नव्हती.

टक्क्यांच्या आकड्यावर माझा राग का आहे, ते आता सांगते. नंतर एकदा मी वहीत हिशेब मांडला. रोज अर्धा ग्रॅम सीरम, एक टक्क्याचे, म्हणजे पाच मिलिग्रॅम रेटिनॉल, आठवड्याला पस्तीस. आज मी नवशिक्यांना सांगते तो डोस मटारच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण पाव ग्रॅम, 0.3 टक्क्याचा, आठवड्यातून दोनदा. तो दीड मिलिग्रॅम भरतो. टक्केवारीत फरक सव्वातीन पट दिसतो, चेहऱ्यावर तो तेवीस पट पडतो. म्हणून कोणी फक्त «किती टक्के» विचारले, की किती घेता आणि किती रात्री लावता, हे मी उलट विचारते. बाटलीवरचा आकडाही नीट वाचावा लागतो: «रेटिनॉल कॉम्प्लेक्स 5 टक्के» म्हणजे पाच टक्के रेटिनॉल नव्हे, ते मिश्रणाचे प्रमाण असते. युरोपीय संघाने 2024 मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली, तिचाही दाखला मला दिला जातो. पण ती अन्नातून आणि इतर मार्गांनी शरीरात जाणाऱ्या एकूण अ जीवनसत्त्वाचा विचार करून घातलेली आहे, पापुद्र्यांचा विचार करून नव्हे.

सालं निघाल्याशिवाय गुण येत नाही, या समजुतीला माझ्याकडे एक उत्तर आहे. रेटिनॉलच्या पुढची पायरी असलेल्या ट्रेटिनॉइनवर, म्हणजे रेटिनॉइक आम्लावरच, 1995 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 0.1 आणि 0.025 टक्क्यांची क्रीमे 48 आठवडे लावून पाहिली, तेव्हा उन्हाने खराब झालेल्या त्वचेतली सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली. दाह मात्र चौपट तीव्रतेच्या क्रीमने लक्षणीय जास्त झाला. म्हणजे गुण आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात ते ट्रेटिनॉइन होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारे, आणि रेटिनॉल त्याहून बरेच सौम्य. त्या अभ्यासाचा आधार मी रेटिनॉलसाठी घेते तेव्हा थोडी उडी मारते, हे मला मान्य आहे.

त्वचा पूर्ण शांत व्हायला दीड महिना लागला. त्यानंतर मी पुन्हा सुरुवात केली, ती सोमवारी आणि गुरुवारी. हे दोन वार निवडण्यामागे एवढेच कारण होते की मध्ये किमान दोन रात्री मोकळ्या राहाव्यात, म्हणजे उशिरा उमटणारी लाली पुढच्या डोसच्या आधी दिसेल. रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन टिपून घ्यायचे आणि त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कारण ओलसर त्वचेत रेटिनॉल अधिक झिरपते आणि अधिक झोंबते. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा इथे पेट्रोलियम जेलीचा पुसट थर द्यायचा. पापुद्रे सर्वांत आधी तिथेच सुटतात. मग मॉइश्चरायझर, मग मटारएवढे रेटिनॉल कपाळ, गाल, नाक, हनुवटी अशा पाच ठिपक्यांत वाटून पसरवायचे, आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर. ते बिनवासाचे असावे आणि त्यात ग्लिसरीन व सेरामाइड असावीत, एवढे पुरते. त्या रात्री ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल, स्क्रब असले काही नाही. सकाळी सनस्क्रीन. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर हे काहीच लावू नका; या एका मुद्द्यावर मी चर्चा करत नाही.

मॉइश्चरायझरच्या खालच्या थराने रेटिनॉल कमी आत जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, आणि मला नवशिक्यांसाठी नेमके तेच हवे असते. चार आठवडे झोंबले नाही, तर खालचा थर काढून फक्त वरचा ठेवता येतो. त्यानंतर आणखी महिन्याने एक रात्र वाढवता येते. दोन्ही बदल एकाच आठवड्यात केले, तर बिघडल्यावर कशाने बिघडले ते कळत नाही. आणि साधे मॉइश्चरायझर झोंबू लागले, की रेटिनॉल पूर्ण बंद. झोंबणे थांबल्यावर आणखी एक आठवडा जाऊ द्यायचा, मग आधीच्या पायरीवरून सुरू करायचे. वॅक्सिंगच्या आधी मी आता किमान आठवडाभर थांबते, आणि पार्लरमध्ये न विचारता सांगते.

माझ्यातली 2023 ची बाई अजून गेलेली नाही. ती विचारते, इतक्या सावकाशीने चालायचे तर लावायचेच कशाला? तिला द्यायला माझ्याकडे फारसे काही नाही. चार महिन्यांनी गालांचा पोत बराच मऊ झाला, डाग थोडे फिके झाले, आणि त्यातले रेटिनॉलचे किती आणि रोजच्या सनस्क्रीनचे किती, ते मला वेगळे करता येत नाही. डोळ्यांखालच्या रेषा आहेत तिथेच आहेत. 0.3 वरून 0.5 वर जावे का, हा प्रश्न माझ्या मनात दर पावसाळ्यात, हवा दमट असताना, येतो. आणि डिसेंबर लागला की मी तीन रात्रींवरून पुन्हा दोनवर येते.

भाचीने परवा विचारले, «मावशी, गुरुवारी विसरले, तर शुक्रवारी लावू का?» लाव म्हटले, पण मग पुढची रात्र सोमवारची, मधली शनिवार-रविवारची भरपाई नाही. तिने 0.3 घेतले आहे. ट्यूब आहे, ड्रॉपरची बाटली नाही, म्हणजे रेटिनॉल खराब करणारी हवा आणि उजेड त्याला कमी लागेल. किती घ्यायचे ते दाखवायला मी तिला फ्रीजमधला मटारचा दाणा काढून दिला, आणि त्यातला सर्वांत लहान निवड म्हटले.